लग्न परदेशात, नोंद घरी: पेण-रोह्याच्या जोडप्याने कोणते कागद आणावेत

परदेशात रीतसर लग्न करून सुट्टीवर आलेले जोडपे पेण नगरपरिषदेत किंवा रोहा अष्टमी नगरपरिषदेत विवाह नोंदणीसाठी गेले, तर परत पाठवले जाण्याचीच शक्यता जास्त. खिडकीवरच्या माणसाने अडवणूक केली असे मग घरात बोलले जाते. त्याच संध्याकाळी कोणीतरी जाणता सल्ला देतो: इथे एक छोटे लग्न लावून घ्या, भटजींची सही घ्या, त्याच तारखेची नोंद करा, आठवड्यात दाखला हातात. हा सल्ला सोपा आहे, स्वस्त आहे आणि जोडप्याला पुढे सर्वांत महाग पडणारा आहे. लग्न एकदाच झाले आहे आणि त्याची तारीखही एकच आहे. घरच्या नोंदीचे काम ती तारीख सिद्ध करण्याचे आहे, नवी तारीख निर्माण करण्याचे नव्हे. म्हणून परदेशातल्या लग्नाच्या नोंदीचे जवळजवळ सगळे काम परतीच्या विमानात बसण्याआधी, लग्न जिथे झाले त्याच देशात उरकले पाहिजे, हे मला इथे मांडायचे आहे.

नगरपरिषद का अडते, ते आधी पाहू. आपल्याकडे गावात ग्रामसेवक आणि शहरात नगरपरिषद जी विवाह नोंद करते, ती १९९८ च्या महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी अधिनियमाखाली. या कायद्याचा हेतूच राज्यातल्या विवाहांची नोंद ठेवणे हा आहे. लग्नानंतर ९० दिवसांत नमुना ‘ड’ मधले ज्ञापन द्यायचे, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे पुरोहित किंवा काझी यांनी सह्या करायच्या, निबंधकाने खातरजमा करून नमुना ‘ई’ मधला दाखला द्यायचा, अशी त्याची सारी बेतणी आहे. लग्नाचे ठिकाण गावातले, साक्षीदार गावातले, लग्न लावणारा माणूस बोलावला तर समोर येऊ शकणारा. आता हाच कागद न्यू जर्सीतल्या एखाद्या नगर कार्यालयात लागलेल्या लग्नाला लावून पाहा. पुरोहिताच्या सहीच्या जागी कोणाची सही घ्यायची? तिथल्या न्यायाधीशाची सही खरी की खोटी, हे पेणच्या निबंधकाने कसे ठरवायचे? त्याच्याजवळ तसे साधनही नाही आणि तसा अधिकारही नाही. त्याने नकार दिला तर तो आपल्या कायद्याच्या चौकटीत राहून दिलेला असतो.

अशा लग्नासाठी वेगळा कायदा आहे आणि तो जुनाच आहे: विदेशी विवाह अधिनियम, १९६९. भारतीय नागरिकाने परदेशात भारतीय वकिलातीच्या विवाह अधिकाऱ्यापुढे लग्न करायचे असेल तर काय करावे, हे त्यात सांगितले आहेच. पण आपल्या कामाचे कलम १७ वे. परदेशात त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आधीच लागलेले लग्न, दोघांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असला तरी, वकिलातीतला विवाह अधिकारी आपल्या नोंदवहीत नोंदवू शकतो. दोघे आणि तीन साक्षीदार त्या नोंदीवर सह्या करतात, आणि नोंदीच्या तारखेपासून ते लग्न याच भारतीय कायद्याखाली झाले असे मानले जाते. लग्नाच्या अटी कलम ४ मध्ये आहेत: दोघांचाही दुसरा जोडीदार हयात नसावा, मुलगा २१ वर्षांचा आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण असावी, दोघेही संमती देण्याच्या मनःस्थितीत असावेत आणि निषिद्ध नात्यातले नसावेत. विवाह अधिकारी नोंद नाकारू शकतो, पण त्याला कारणे लेखी द्यावी लागतात आणि त्यावर ३० दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करता येते. म्हणजे भारतीय कायद्याने मानलेला दाखला परदेशातच मिळण्याची सोय पन्नासहून अधिक वर्षे आहे. अडचण एवढीच, की ती आठवते घरी परतल्यावर.

एक उदाहरण सविस्तर धरू. मुलगा पेणचा, मुलगी रोह्याची, दोघेही भारतीय पासपोर्टवर न्यू जर्सीत नोकरीला. तिथे आधी लग्नाचा परवाना काढावा लागतो, अर्ज केल्यावर ७२ तास थांबावे लागते, मग अधिकृत व्यक्तीपुढे दोन साक्षीदारांसह लग्न लागते आणि स्थानिक निबंधक नोंद करून दाखला देतो. लग्न झाले, दाखला मिळाला, फोटो घरच्यांना गेले. इथे बहुतेक जोडपी थांबतात, आणि खरे तर काम इथून सुरू होते. पहिली गोष्ट, दाखल्याच्या शिक्क्यासह प्रमाणित प्रती किमान तीन घ्याव्यात. एक वकिलातीसाठी, एक घरी भारतात वापरायला, एक कायम आपल्याजवळ. घरात फ्रेम करून लावायला म्हणून काही ठिकाणी एक शोभेचा कागद देतात, सोनेरी किनार, मोठी अक्षरे. तो कुठल्याही कार्यालयात चालत नाही. चालतो तो साध्या सुरक्षा कागदावरचा, उठावाचा शिक्का असलेला नोंदीचा उतारा.

दुसरी गोष्ट अपोस्टील. हेगच्या १९६१ च्या करारात सामील असलेल्या देशांनी एकमेकांचे सार्वजनिक कागद वकिलातीच्या शिक्क्याशिवाय मानायचे ठरवले आहे. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत लग्नाच्या दाखल्याचे अपोस्टील केंद्र सरकार देत नाही, ज्या राज्याने दाखला दिला त्याच राज्याचा विभाग देतो. न्यू जर्सीत ते काम राज्याच्या कोषागार विभागाकडे आहे. ब्रिटनमध्ये ते परराष्ट्र खात्याकडे आहे. अपोस्टीलचा कागद हातात घेऊन वाचला तर त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही कळतात. चौकोनी तक्ता, वर फ्रेंचमध्ये कराराचे नाव आणि खाली १० क्रमांकित ओळी: देश कोणता, सही कोणाची, कोणत्या नात्याने, शिक्का कोणाचा, कुठे, कधी, कोणी प्रमाणित केले, क्रमांक, शिक्का, सही. दहाही ओळींत लग्नाबद्दल एक अक्षर नाही. खालच्या दाखल्यावरची सही आणि शिक्का खरे आहेत, एवढेच अपोस्टील सांगते. दाखल्यात नवरीचे नाव चुकलेले असेल तर त्या चुकीवरही ते तितक्याच इमानाने शिक्का मारते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी दाखला अक्षर न अक्षर तपासायचा, चूक असेल तर तिथल्याच निबंधकाकडून दुरुस्त करून घ्यायची, मगच अपोस्टील काढायचे.

चुका बहुतेक वेळा नावातच होतात आणि त्याला आपली तीन नावांची पद्धत कारण आहे. आपल्याकडे मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, आणि लग्नानंतर मधल्या जागी नवऱ्याचे नाव येऊन आडनावही बदलते. पासपोर्टवर ही तीन नावे दोनच रकान्यांत मावतात: आडनाव एकीकडे, आणि स्वतःचे व वडिलांचे नाव मिळून दुसरीकडे. परवान्याचा अर्ज भरताना तिथला कारकून वडिलांचे नाव ‘मधले नाव’ म्हणून कधी लिहितो, कधी गाळतो, कधी फक्त त्याचे पहिले अक्षर ठेवतो. त्यात घरच्यांच्या आग्रहाने नवरीने त्याच अर्जात नवे नाव लिहिले, तर आधारवर एक, पॅनवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे आणि लग्नाच्या दाखल्यावर चौथे नाव तयार होते. यावर उपाय एकच: लग्नाच्या दिवशी पासपोर्टवर जे नाव जसे छापले आहे तसेच, त्याच स्पेलिंगने, परवान्यावर लिहावे. नाव बदलायचेच असेल तर ते नंतर, लग्नाचा दाखला आधार म्हणून दाखवून बदलावे. दोन नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र भारतात करता येते आणि पुष्कळ ठिकाणी चालतेही, पण परदेशी दाखल्यातली चूक पेणच्या नोटरीच्या कागदाने दुरुस्त होत नाही. तो दाखला दुरुस्त करण्याचा अधिकार ज्याने दिला त्याच कार्यालयाला असतो.

तिसरी पायरी वकिलातीची. कलम १७ खालच्या नोंदीसाठी तिथे काय काय न्यावे, याचा गाभा सगळीकडे सारखाच असतो: लग्नाच्या दाखल्याची प्रमाणित प्रत, दोघांचे मूळ पासपोर्ट आणि त्यांच्या प्रती, त्या देशात कायदेशीर राहत असल्याचा पुरावा म्हणजे व्हिसा किंवा निवास परवाना, जन्मतारखेचा पुरावा, त्या वकिलातीच्या हद्दीतला पत्ता, दोघांचे फोटो, आणि ओळखपत्रांसह तीन साक्षीदार. पूर्वी कोणाचे लग्न झालेले असेल तर घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. अर्ज कसा भरायचा, वेळ आधी घ्यावी लागते का, शुल्क किती, हे मात्र प्रत्येक वकिलातीचे आपले असते. काही वकिलाती जोडप्याला स्थानिक दाखल्यावरच भागवायला सांगतात. म्हणून कलम १७ चा लेखी उल्लेख करून आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. तीन साक्षीदारांची अट ऐकायला किरकोळ वाटते, पण न्यू जर्सीच्या लग्नाला दोनच साक्षीदार लागतात. तिसरा माणूस लग्नाच्या दिवशीच ठरवून ठेवलेला बरा.

आता जो आक्षेप सर्वांत आधी येतो तो घेऊ. तिकडचे लग्न म्हणजे नुसत्या सह्या. खरे लग्न पेणला अग्नीपुढे, अक्षता पडल्या तेव्हाचे. मग त्याचीच नोंद करण्यात चूक काय? भावनेच्या अंगाने हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. घरच्या माणसांसमोर विधी करण्याला कोणाची आडकाठी नाही आणि ते जरूर करावेत. प्रश्न नोंदीच्या कागदाचा आहे. ज्ञापनात वराची आणि वधूची लग्नाच्या वेळची वैवाहिक स्थिती विचारलेली असते: अविवाहित, विधुर किंवा विधवा, घटस्फोटित. न्यू जर्सीत कायद्याने लग्न झालेल्या माणसाने पेणला तीन महिन्यांनी या रकान्यात ‘अविवाहित’ लिहिले तर ते खोटे विधान होते, आणि त्याखाली तीन साक्षीदारही सही करतात. त्यापुढची अडचण अशी, की त्याच जोडप्याने तिकडे कर भरताना, नोकरीतला विमा घेताना, व्हिसाच्या अर्जात आधीची तारीख लिहिलेली असते. पुढे कधी ग्रीन कार्डच्या किंवा जोडीदाराच्या व्हिसाच्या फायलीत पेणचा दाखला जोडला की एका लग्नाच्या दोन तारखा समोरासमोर येतात. अधिकाऱ्याला तेव्हा दोनच अर्थ लावता येतात: पहिले लग्न खरे नव्हते, किंवा दुसऱ्या कागदावर खोटे लिहिले. दोन्ही जोडप्याच्या विरोधात जातात.

नोंदीने लग्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात ठळकपणे सांगितले. दोघेही वैमानिक, लग्नाचे विधी पुढे करायचे ठरलेले, पण त्याआधीच एका संस्थेचा दाखला घेऊन त्यांनी नोंदणी करून टाकली होती. विधी झालेच नाहीत आणि नाते तुटले. न्यायालयाने तो दाखला आणि नोंद दोन्ही रद्दबातल ठरवले: हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नात विधी झाले नसतील तर नोंदीचा कागद लग्नाला जन्म देऊ शकत नाही. व्हिसासाठी घाईने नोंद उरकण्याच्या प्रवृत्तीवरही न्यायालयाने बोट ठेवले. यावरून कोणी उलटा प्रश्न विचारेल: मग न्यू जर्सीत सप्तपदीशिवाय लागलेले दोन हिंदूंचे लग्नही पोकळच का? तो निकाल भारतात हिंदू विवाह कायद्याखाली नोंदवलेल्या लग्नापुरता आहे. परदेशात तिथल्या कायद्याप्रमाणे लागलेल्या लग्नाचे बाह्य रूप तिथल्याच कायद्याने जोखले जाते, हे तत्त्व आपली न्यायालये मानत आली आहेत. पण मनात शंका नको असेल तर तिचे उत्तर कलम १७ मध्येच आहे. तिथे नोंद झाली की ते लग्न १९६९ च्या कायद्याखाली झालेले नागरी लग्न ठरते आणि सप्तपदीचा प्रश्नच उरत नाही.

वकिलातीची संधी गेली, जोडपे आता कायमचे पेणला परतले, तर? मग १९५४ च्या विशेष विवाह अधिनियमाच्या कलम १५ कडे बोट दाखवले जाते. दुसऱ्या पद्धतीने झालेले ‘कोणतेही’ लग्न विवाह अधिकारी नोंदवू शकतो, असे त्या कलमाचे शब्द आहेत, आणि लग्न कुठे झाले असावे हे त्यात लिहिलेले नाही. रायगडच्या जोडप्याला त्यासाठी नगरपरिषदेत नव्हे, तर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे, अलिबागला जावे लागते. शब्द मोकळे असले तरी वाट मोकळी नाही. केरळ उच्च न्यायालयाने एका इंडोनेशियन पत्नीच्या प्रकरणात, परदेशात लागलेल्या लग्नाची नोंद विशेष विवाह कायद्याखाली होणार नाही, त्यासाठी विदेशी विवाह कायदाच आहे, असे म्हटले. केरळचा निकाल अलिबागच्या अधिकाऱ्याला बंधनकारक नाही, पण त्याच्या आधाराने तो अर्ज नाकारू शकतो. तसा नकार आला तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते, म्हणजे जे काम कागदाचे होते ते वकिलाचे होते.

अर्ज स्वीकारला गेला असे धरले, तरी अटी वकिलातीपेक्षा कडक आहेत. दोघेही अर्जाच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावे लागतात. आधार कार्डावर पेणचा पत्ता असला तरी पासपोर्टवर विमानतळावरच्या आगमनाचा शिक्का असतो, आणि मुक्कामाचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजले जाणार हे गृहीत धरावे. अर्जानंतर विवाह अधिकारी जाहीर नोटीस लावतो आणि हरकतींसाठी आणखी ३० दिवस थांबतो. म्हणजे कमीत कमी दोन महिने; तीन आठवड्यांची रजा घेऊन आलेल्याला हा मार्ग गणितानेच बंद आहे. वयाची अटही निराळी: कलम १५ खाली नोंदीच्या वेळी दोघेही २१ पूर्ण असावे लागतात. १९ वर्षांच्या मुलीचे परदेशातले लग्न वकिलातीत नोंदवता येईल, अलिबागला तिला दोन वर्षे थांबावे लागेल.

नात्याचा मुद्दा तर रायगडात फार जवळचा आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे, आणि कोकणी मुसलमान कुटुंबांत चुलत, मावस, आते-मामे भावंडांची लग्नेही होतात. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मामाची, आत्याची, मावशीची आणि काकाची मुलगी या साऱ्याजणी निषिद्ध नात्यांच्या यादीत आहेत. कलम १५ मध्ये रूढीची सवलत आहे ती फक्त हा कायदा लागू होण्यापूर्वीच्या लग्नांना. विदेशी विवाह कायद्याच्या कलम ४ मध्ये मात्र दोघांपैकी एकाचा वैयक्तिक कायदा किंवा रूढी अशा लग्नाला परवानगी देत असेल तर ते चालते. तेच लग्न, तीच माणसे. वकिलातीत नोंद होते आणि अलिबागला होत नाही. परतण्याआधी नोंद करा असा आग्रह मी धरतो, त्याचे माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे.

शिवाय कलम १५ ची नोंद म्हणजे नुसता दाखला नव्हे. ती झाली की ते लग्न विशेष विवाह कायद्याखालचे मानले जाते आणि वारसाहक्काचा कायदा बदलू शकतो. दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने त्यांचा वारसा पूर्वीसारखाच राहतो. पण मुसलमान जोडप्याने अशी नोंद केली तर पुढे त्यांच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. केरळातले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी ८ मार्च २०२३ रोजी आपल्या पत्नीशी याच कायद्याखाली पुन्हा नोंद केली ती नेमकी यासाठी: मागे फक्त मुली आहेत आणि मिळकत पूर्णपणे त्यांनाच मिळावी. त्यांनी ते समजून-उमजून केले. रोह्याच्या एखाद्या कुटुंबाने नुसता दाखला हवा म्हणून तेच केले, तर घर आणि वाडीची वाटणी कोणत्या कायद्याने होईल हे त्यांच्या नकळत ठरून जाईल.

आखातात नोकरी करणारे म्हणतील, हे सगळे अमेरिकेतल्यांचे कौतुक. आम्हाला रजा कुठे आणि वकिलातीत खेपा घालायला वेळ कुठे? अडचण खरी आहे. पण आखातात घरी येण्याआधी काम उरकण्याची गरज कमी नाही, जास्तच आहे, कारण तिथे सगळीकडे अपोस्टील चालत नाही. ओमान, बहारीन आणि २०२२ पासून सौदी अरेबिया हे देश अपोस्टीलच्या करारात आहेत. दुबईच्या लग्नाला मात्र पायऱ्यांची साखळी लागते: निकाहनामा किंवा न्यायालयाचा विवाह करार अरबीत असतो, त्याचे अधिकृत अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर, मग अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग भारतीय दूतावासाचा. यातली एक कडी जरी राहिली तर ती रोह्याहून जोडता येत नाही. कागद परत दुबईला पाठवावा लागतो, आणि तोवर नोकरी बदललेली किंवा निवास परवाना संपलेला असू शकतो. रजेचा एक दिवस तिथे मोडणे हेच कमी खर्चाचे.

दोघांनी समोर हजर राहायचे या अटीवर मात्र थोडा दिलासा न्यायालयांनी दिला आहे. गुरुग्रामच्या एका जोडप्याचे लग्न भारतात झाले होते आणि विशेष विवाह कायद्याखाली नोंद बाकी असताना दोघे परदेशात होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यांना वकिलातीतून व्हिडिओवरून हजर राहू दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. हा हक्क म्हणून प्रत्येक कार्यालयात मागता येईल असे नाही, पण आवश्यकता दाखवून मागता नक्की येतो.

काही लग्ने या चौकटीत बसतच नाहीत. बाली किंवा थायलंडच्या किनाऱ्यावर विधी झाले, पण त्या देशात कायद्याने नोंद केलीच नाही, तर ते लग्न ‘तिथल्या कायद्याप्रमाणे’ लागलेले नाही आणि कलम १७ त्याला लागत नाही. पेण आणि रोहा या गावांची नावे आडनावात बाळगणारी पेणकर, रोहेकर अशी बेने इस्राएल कुटुंबे आज मोठ्या संख्येने इस्राएलमध्ये आहेत. तिथल्या रब्बिनेटपुढे झालेल्या लग्नातले दोघेही इस्राएलचे नागरिक असतील तर भारतीय वकिलात त्याची नोंद करू शकत नाही, कारण एक जण तरी भारतीय नागरिक असावा लागतो. त्यांना भारतात, समजा वडिलोपार्जित जागेच्या वारस नोंदीसाठी, लग्न दाखवायचे असेल तर अपोस्टील केलेला हिब्रू दाखला आणि त्याचे प्रमाणित भाषांतर हाच कागद. भाषांतर कोणी केले हे त्यावर स्पष्ट असावे आणि मूळ दाखल्यावरचे शिक्केसुद्धा भाषांतरात उतरवलेले असावेत. ते गाळले म्हणून कागद परत येऊ शकतो.

इतके करून हा दाखला मागतो कोण, असेही विचारले जाते. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून लग्नाच्या दाखल्याची सक्ती नाही, हे खरे. पण जोडीदार परदेशी नागरिक असेल आणि त्याला ओसीआय कार्ड हवे असेल, तर नागरिकत्व कायद्यात स्पष्ट अट आहे: लग्न नोंदवलेले असावे आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेले असावे. पेणच्या मुलाने आपल्या परदेशी पत्नीला घरी कायम राहता यावे म्हणून अर्ज केला, आणि लग्न कुठेही भारतीय कायद्याखाली नोंदलेले नाही असे निघाले, तर दोन वर्षांचा संसार असूनही अर्ज अडू शकतो. नवऱ्याचे अचानक निधन झाले आणि भविष्यनिर्वाह निधी, विमा, घर हे पत्नीच्या नावावर व्हायचे असेल, तेव्हाही याच दाखल्याची मागणी होते. त्या वेळी दाखल्यावर सही करायला नवरा नसतो.

आणि ज्यांनी घाईत पेण-रोह्याला दुसऱ्या तारखेची नोंद आधीच करून ठेवली आहे, त्यांनी ती लपवू नये. पुढच्या प्रत्येक अर्जात कायदेशीर लग्नाची तारीख म्हणून पहिली, परदेशातली तारीख द्यावी. घरी झालेला विधी त्याच जोडप्याचा धार्मिक समारंभ होता आणि त्याचा दाखला कसा निघाला, हे दोघांच्या प्रतिज्ञापत्रात सरळ लिहून दोन्ही कागद एकत्र जोडावेत. अर्जदाराने आपण होऊन मांडलेल्या दोन तारखांचा खुलासा होऊ शकतो. अधिकाऱ्याने शोधून काढलेल्या दोन तारखांचा करणे फार अवघड जाते.